राजीनामा देऊ नका. तुमच्या साहेबाचा शेवटचा निरोप

माझ्या शॉपमधल्या भावांनो, ताईंनो आणि कन्हानच्या सगळ्या वाचणाऱ्यांनो,

या महिनाअखेरीस आपलं फॅब्रिकेशन शॉप बंद होऊन राहिलं. ४६ माणसं. त्यात १९ कायम, २७ ठेकेदाराची. आणि सत्तेचाळीसावा मी. अकरा वर्षं तुम्ही मला 'साहेब' म्हटलं, पण साहेबाचं नावही त्याच यादीत निघालं. काम बाहेर दिलं जाणार, मशीन विकल्या जाणार, असं वरून सांगितलं. कंपनीचं नाव मी इथं लिहित नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांनी त्यांच्या कारखान्याचं नाव टाकून वाचावं, बहुतेक फिट बसेल.

निरोपाचा मेसेज म्हणजे कसा असतो ते मला ठाऊक आहे. आपण एक कुटुंब होतो, तुमच्यासोबत काम करणं हा सन्मान होता, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. असा मेसेज मी मागच्या आठवड्यात लिहिलासुद्धा होता. मग खोडला. कारण मला तुमची माफी मागायची आहे, आणि माफी मागायची तर काय केलं ते आधी सांगावं लागते.

मी काय केलं

तीन आठवड्यांपूर्वी मला ऑफिसमध्ये बोलावलं. टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा होता. कागदावर एकच मजकूर: 'मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे. माझी कंपनीकडे कोणतीही मागणी बाकी नाही.' खाली नाव, टोकन नंबर आणि सहीची जागा. सही करणाऱ्याला ६० हजार रुपये 'सद्भावना रक्कम' मिळणार.

मला म्हणाले, पोरं तुमचं ऐकतात. तुम्ही सांगितलं तर करतील. शांततेत होऊन जाईल.

मी ऐकलं. मला वाटलं, ६० हजार हातात पडतील, भांडणतंटा नको, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं की मी हे नीट पार पाडलं तर माझी खुर्ची वाचेल. पहिल्या दोन दिवसांत मी चार जणांच्या सह्या घेतल्या. चौघंही माझ्या शब्दावर सही करून गेले. त्यातल्या एका काकांनी तर कागद वाचलाही नाही. "साहेब, तुमी सांगून राहिले म्हणजे बरोबरच असन," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मला माझा कागद मिळाला. मजकूर तोच, फक्त टोकन नंबरच्या जागी एम्प्लॉयी कोड.

त्या रात्री मी पहिल्यांदा तो कागद वाचला. वाचला म्हणजे एकेक शब्द तपासला. कायद्याचं पुस्तक काढलं, नागपूरच्या एका कामगार वकिलाकडे दोन वेळा जाऊन बसलो. आणि तेव्हा समजलं की मी चार घरांचं किती नुकसान केलं. हे मला पहिल्या दिवशी समजायला पाहिजे होतं. माझा पगार त्याच्यासाठीच होता.

'ले-ऑफ', 'कपात' आणि 'राजीनामा'

आपण सगळे 'ले-ऑफ झाला' म्हणतो. टीव्हीवर तसंच म्हणतात. पण आपल्या कायद्यात 'ले-ऑफ' म्हणजे नोकरी गेली असं नाही. कोळसा नाही, वीज नाही, माल नाही, मशीन बंद पडली, म्हणून मालक काही दिवस काम देऊ शकत नाही, त्याला ले-ऑफ म्हणतात. नाव पटावर राहते, ठरावीक अटीत बसणाऱ्या कामगाराला अर्धा पगार मिळते, आणि काम आलं की परत बोलावतात.

माणसाला कायमचं कमी करणं, त्याची काही चूक नसताना, याला कायद्यात वेगळा शब्द आहे. कामगार कपात, इंग्रजीतून आलेला शब्द रिट्रेंचमेंट. आपलं जे होऊन राहिलं ते हे आहे.

आणि 'राजीनामा' हा तिसराच प्रकार. राजीनामा म्हणजे तुम्ही नोकरी सोडली. मालकाने काही केलंच नाही. कपातीची व्याख्या कायद्यात लिहिली आहे, आणि कामगाराने स्वखुशीने नोकरी सोडली तर ती कपात धरली जात नाही. म्हणून त्या छापील कागदात 'स्वखुशीने' हा शब्द आहे. तो चुकून आला नाही. साऱ्या कागदाचा भाव त्या एका शब्दात आहे.

त्या शब्दाची किंमत किती?

हिशेब करून दाखवतो. सही केलेल्या काकांचाच घ्या. नोकरी १४ वर्षं ८ महिने. बेसिक आणि डीए मिळून महिन्याला २४ हजार.

कपात म्हणून काढलं तर कायदा काय म्हणते? प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून काकांचे १४ वर्षं ८ महिने म्हणजे १५ वर्षं. १५ दिवसांचे १२ हजार. गुणिले १५. झाले १ लाख ८० हजार.

त्यावर एक महिन्याची लेखी नोटीस, किंवा नोटीस नाही तर एक महिन्याचा पगार. २४ हजार.

त्यावर नव्या संहितेत एक गोष्ट जास्तीची आली आहे. कमी केलेल्या कामगाराला नवीन काम शिकायला म्हणून एक निधी ठेवला आहे. मालकाने त्यात शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम भरायची, आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. म्हणजे १२ हजार.

बेरीज २ लाख १६ हजार.

राजीनामा दिला तर यातला एक रुपयाही देणं मालकावर बंधनकारक नाही. त्याच्या बदल्यात ६० हजार 'सद्भावना'. म्हणजे काकांच्या एका सहीने कंपनीचे १ लाख ५६ हजार वाचले. सही घेणारा मी होतो.

ग्रॅच्युइटी यात धरलेली नाही. ती वेगळी आहे, आणि कायम कामगाराची पाच वर्षं झाली असली की राजीनामा दिला तरी मिळते. काकांची ग्रॅच्युइटी: २४ हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले १५ वर्षं. साधारण २ लाख ७ हजार ७०० रुपये. मला ऑफिसात सांगण्यात आलं की "सगळं मिळून काकांना पावणेतीन लाखाच्या घरात मिळतील". तेव्हा मला ते बरं वाटलं. आता कळलं की त्यातले दोन लाख त्यांचे स्वतःचेच, पंधरा वर्षांत कमावलेले होते. दुसऱ्याच्या खिशातली नोट त्यालाच दाखवून उपकार करणं, असं ते होतं.

ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट. आणि हो, ती मॅनेजरलाही लागू आहे. आपल्या दोघांत सारखी असणारी ती एवढीच गोष्ट.

"पण कंपनीला तर परवानगीच लागत नाही"

हे वाक्य या तीन आठवड्यांत सगळ्यांनी ऐकलं. यातलं अर्धं खरं आहे.

जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात, १९४७ च्या, ज्या कारखान्यात १०० किंवा जास्त कामगार असतील तिथं कपात करायला सरकारची आधी परवानगी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि हा आकडा ३०० झाला. आपल्या कारखान्यात सगळे शॉप मिळून कायम कामगार १४०. म्हणजे मागच्या दिवाळीत हेच शॉप बंद करायचं असतं तर सरकारच्या दारात अर्ज घेऊन जावं लागलं असतं, कारणं द्यावी लागली असती. या वर्षी नाही.

१०० चा ३०० का केला, याची बाजूही मी ऐकली आहे. मी स्वतः मॅनेजर होतो. परवानगीच्या भीतीने मालक ९९ च्या वर जातच नाही, कारखाने वाढत नाहीत, मग ठेकेदाराची माणसं घेतो, असं म्हणतात. ते साफ खोटं नाही. आपल्याच शॉपमध्ये १९ कायम आणि २७ ठेकेदारीत, हा त्याचा नमुना आहे. ऑर्डर कमी झाल्या हेही खरं आहे. डिस्पॅचचं रजिस्टर माझ्याच हातात होतं, मला कोणी ते सांगायची गरज नाही.

पण परवानगी काढून टाकली म्हणजे भरपाई काढून टाकली असं नाही. नोटीस, १५ दिवसांचा पगार, सरकारला कळवणं, हे सगळं ३०० च्या खालच्या कारखान्यालाही लागू आहे. संहितेने मालकाला सांगितलं, तुला माणसं कमी करायची तर कर, मी अडवत नाही, पण त्याची किंमत मोजून कर. माझा राग इथं आहे. अधिकार नव्या कायद्याचा घ्यायचा, आणि किंमत मोजायची वेळ आली की माणसाच्याच हाताने 'स्वखुशीने' लिहून घ्यायचं. लवचिकता पाहिजे म्हणता ना? मग ती विकत घ्या. फुकट का पाहिजे?

आणि जे म्हणतात की भरपाई नंतर देऊ, आधी गेटच्या बाहेर व्हा, त्यांना मुंबईची एक जुनी केस सांगतो. जे. जे. समूहाच्या रुग्णालयांतल्या दोन वॉर्ड सेविकांना कमी केलं होतं. भरपाई दिली नव्हती. त्यांच्या युनियनने, हॉस्पिटल मजदूर सभेने, भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं. १९६० मध्ये कोर्टाने सांगितलं की भरपाई देणं ही कपातीची आधीची अट आहे. ती पाळली नाही तर कपातच बेकायदेशीर. दोन सेविका, एवढ्याशा पगाराच्या. त्यांनी सही करून दिली असती तर साठ-पासष्ट वर्षं तुमच्या-माझ्यासारख्यांना हा आधार मिळाला नसता.

सुपरवायझर भाऊ, तुम्हीसुद्धा

आपले दोन सुपरवायझर मला म्हणाले, आम्ही तर स्टाफ आहोत, आम्हाला हे काही लागू नाही, आम्ही सही करून टाकतो. थांबा.

नव्या संहितेत सुपरवायझरी काम करणारा आणि महिन्याला १८ हजारांच्या वर पगार असणारा कामगार धरला जात नाही. तुमचा पगार त्याच्या वर आहे, म्हणून तुम्ही धरून चालले की आपण बाहेर. पण पगाराची ती मर्यादा ज्याचं काम खरंच सुपरवायझरचं आहे त्याच्यासाठी आहे. तुम्ही दिवसभर काय करता? आठातले सहा तास तर तुम्हीच टॉर्च धरून असता, आणि उरलेल्या वेळात हजेरी लिहिता. कोणाला रजा द्यायची, कोणाला मेमो द्यायचा, यातलं काहीच तुमच्या हातात नाही. सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये एस. के. मैनी विरुद्ध कॅरोना साहू या केसमध्ये सांगितलं आहे की नावापुढचा हुद्दा काय आहे यावरून ठरत नाही, माणसाचं मुख्य काम काय आहे यावरून ठरते.

खोटी आशा लावत नाही. त्या केसमधला माणूस चपलांच्या दुकानाचा मॅनेजर होता आणि तो केस हरला, कारण त्याचं मुख्य काम खरंच दुकान चालवण्याचं निघालं. तुमचं काम वेगळं आहे. तुमच्या हातचे वेल्ड अजूनही त्या टाक्यांवर आहेत. म्हणून जॉब कार्डाच्या झेरॉक्स काढून ठेवा, ज्यावर वेल्डर म्हणून तुमचाच स्टॅम्प नंबर आहे.

माझं काय? मी त्यात बसत नाही. मी रजा मंजूर करत होतो, मेमो देत होतो, बोनसच्या यादीवर सही करत होतो. माझ्यासाठी फक्त अपॉइंटमेंट लेटर, त्यातली एक महिन्याची नोटीस आणि ग्रॅच्युइटी. बस. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने जवळपास १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, आणि त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदावरचे लोक असतील असं सांगितलं, तेव्हा मी कँटीनमध्ये बसून म्हणालो होतो, ते आयटीवाल्यांचं आहे, आपल्याला काय. आता समजून राहिलं. आपण मधले लोक स्वतःला मालकाच्या बाजूचे समजतो. कायद्यात तर आपण कोणाच्याच बाजूला नाही.

ठेकेदाराच्या २७ जणांसाठी

तुम्हाला तर कागदसुद्धा दिला नाही. सोमवारपासून गेट पास चालणार नाही, एवढं सांगितलं. सगळ्यात जास्त लाज मला याची आहे, कारण तुमच्यातल्या काही जणांना मी सात-आठ वर्षांपासून पाहतो आणि दर वर्षी 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणत आलो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली: तुमचा मालक कागदावर ठेकेदार आहे, आणि ज्याने वर्षात २४० दिवस भरले त्याला कपातीची भरपाई देणं ठेकेदारावर तसंच लागू आहे. तो म्हणेल, माझाच ठेका संपला, मी कुठून देऊ. ते त्याचं आणि कंपनीचं भांडण. दुसरी: ठेकेदाराने केलेल्या कामाचा पगार दिला नाही, तर तो देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. शेवटच्या महिन्याचा पगार थकला तर नुसतं ठेकेदाराच्या मागे फिरू नका, कंपनीलाही लेखी कळवा.

हे सिद्ध कशाने होते? २४० दिवस तोंडाने सांगून होत नाहीत. पीएफचं पासबुक डाउनलोड करा, त्यात महिन्यामहिन्याचा भरणा दिसते. ईएसआयची नोंद काढा. गेट पासचा दोन्ही बाजूंचा फोटो काढा, सोमवारच्या आत, कारण पास जमा करून घेतील. पगाराच्या स्लिपा, बँकेची एंट्री, व्हॉट्सअॅपवर मी 'उद्या संडे ड्युटीला या' म्हणून पाठवलेले मेसेज, हे सगळं पुरावा आहे. माझे मेसेज बिनधास्त दाखवा.

ज्या चौघांनी सही केली

तुम्हाला मी घरी येऊन भेटलो आहे, तरी इथं परत लिहितो, म्हणजे कोणी पुढे म्हणू नये की साहेब आता पलटले.

जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसतो. पण तो तसा घेतला हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येते, आणि जितके दिवस गप्प बसाल तितकं ते जड होते. सहा महिन्यांनी गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल, मग तेव्हा का नाही बोलले? म्हणून वाट पाहू नका. साधं पत्र लिहा: अमुक तारखेला मला ऑफिसात बोलावलं, शॉप बंद होणार असं सांगितलं, छापील मजकुरावर सही घेतली, मजकूर समजावून सांगितला नाही, माझा नोकरी सोडण्याचा हेतू नव्हता आणि नाही, मी कामावर यायला तयार आहे. हे पत्र कंपनीला स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात द्या, पोचपावतीवर शिक्का घ्या. ६० हजारांचा चेक आला तर तो वटवण्याआधी वकिलाशी बोला. वटवायचाच झाला तर 'हक्क राखून स्वीकारला' असं आधी लेखी कळवा.

आणि त्या पत्रात माझं नाव लिहा. सही कोणी घेतली, काय सांगून घेतली, ते लिहा. उद्या गरज पडली तर मी साक्ष द्यायला येईन, आणि मी तुम्हाला जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगेन. मला रिलिव्हिंग लेटर मिळायला त्याने उशीर होईल, असं मला एका शुभचिंतकाने कळवलं आहे. होऊ द्या.

उरलेल्या १५ जणांना एकच सांगणं. कोणी बोलावलं तर जा, चहा प्या, कागद घ्या, पण तिथं सही करू नका. 'घरी वाचून सांगतो' म्हणा. यात उद्धटपणा नाही. आणि 'कपात करत असाल तर कपातीचं लेखी पत्र द्या' एवढंच मागा. एकेकटं बोलावतात ते उगाच नाही. दोघं-दोघं जा.

दुसरा एक कागद

आतापर्यंत सही करू नका म्हणालो. एका कागदावर मात्र मी स्वतः सह्या करून ठेवल्या आहेत.

आपल्या वेल्डर लोकांना माहीत आहे, थ्रीजी, सिक्सजीची टेस्ट पास झाली तरी ती कायमची नसते. ज्या प्रोसेसवर टेस्ट दिली, त्या प्रोसेसने सलग सहा महिने काम केलं नाही तर क्वालिफिकेशन संपते, मग पहिल्यापासून टेस्ट. नव्या ठिकाणी ते आपली टेस्ट घेतीलच, तरी जुनं रेकॉर्ड असलं तर बोलणं वेगळं होते. मी मागच्या दोन शनिवारी बसून प्रत्येक वेल्डरचा कंटिन्युइटी लॉग शेवटच्या दिवसापर्यंत भरला आहे, आर्क, मिग, टिग वेगवेगळं. ज्यांनी टिग मार्चनंतर केलं नव्हतं त्यांना मुद्दाम त्या शेवटच्या टाकीवर टिगला लावलं होतं. तुम्ही विचारलं होतं ना, साहेब, आता शेवटी शेवटी मले काहून टिगवर टाकून राहिले? त्याच्यासाठी. खोटी एंट्री एकही नाही. ज्याने केलं त्याचंच लिहिलं.

तो लॉग आणि तुमच्या टेस्ट सर्टिफिकेटची प्रत शेवटच्या दिवसाआधी घेऊन जा. सहा महिने मोजायला शेवटच्या वेल्डपासून सुरुवात होते. त्याच्या आत कुठं ना कुठं, चार दिवसांचं का होईना, त्याच प्रोसेसचं काम करा आणि तिथल्या माणसाची तारखेसकट सही घ्या.

कन्हानवाल्यांना

हे गाव कारखान्यांच्या आणि कोळशाच्या खाणींच्या भोंग्यावर उठलेलं गाव आहे. ब्रूक बाँड, खंडेलवाल ही नावं ऐकून आपण मोठे झालो. नदी ओलांडून नागपुरात गेलं तर १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली आणि आज त्या जागेवर मॉल उभा आहे. कारखाने बंद होणार नाहीत असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, बंद होताना कागदावर खरं लिहा. आम्ही तुम्हाला काढलं, असं लिहा. त्यांनी सोडलं, असं लिहू नका. कारण उद्या कोणी मोजायला बसला की कन्हानमध्ये किती लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तर कागदावर एकाचीही गेलेली दिसणार नाही. सगळे 'वैयक्तिक कारणास्तव' गेलेले दिसतील. ४६ माणसांना एकाच महिन्यात एकच वैयक्तिक कारण कसं झालं, हे मात्र कोणी विचारणार नाही.

आणि जे माझ्यासारखे आज कुठल्या ना कुठल्या शॉपचे इनचार्ज, मॅनेजर आहेत, त्यांना सांगून ठेवतो. तुमच्याही टेबलावर कधीतरी असा गठ्ठा येईल. पोरं तुमचं ऐकतात, असं तुम्हालाही म्हणतील. गठ्ठा उचलायच्या आधी एक प्रत घ्या आणि वाचा. शेवटचा कागद तुमचा असू शकते.

पैसे मिळाले म्हणून सगळं झालं असं नाही, हे मलाही समजते. ४७ वर्षांच्या माणसाला दोन लाख सोळा हजार किती दिवस पुरतील? पण ते त्याचे आहेत. ते त्याच्याकडून घेऊन त्यालाच 'सद्भावना' म्हणून साठ हजार देऊ नका.

रविवारी सकाळी नऊ वाजता तारसा चौकात मी थांबतो. तर्री-पोहे माझ्याकडून. सोबत ज्याचा त्याचा लॉग, पीएफ पासबुक आणि जो काही कागद मिळाला असेल तो घेऊन या. वकील साहेब येणार आहेत, पैसे घेणार नाहीत म्हणाले. ज्या चौघांची मी सही घेतली, त्यांची पत्रं आपण तिथंच बसून लिहू. पहिलं पत्र काकांचं. मी वाचून दाखवीन, आणि या वेळी काकांना पूर्ण ऐकल्याशिवाय सही करू देणार नाही.

चुकलं माकलं माफ करा.

तुमचा,
आता साहेब नसलेला